'फक्त तपासून द्या' म्हणणाऱ्याला नेमकं काय हवं असतं?

*वर्षभरापासून घरून मराठी मुद्रितशोधनाची कामं घेते. एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या आठवणींचं हस्तलिखित 'फक्त तपासून द्या' म्हणून पाठवलं. मी शुद्धलेखनाबरोबर वाक्यंही नीट केली, तर ते दुखावले: 'हे माझं राहिलंच नाही.' पुढच्या कामात मी नुसते ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, तर त्या बाई म्हणाल्या, 'वाक्यं तशीच ठेवलीत?' त्यांचेही शब्द तेच होते, 'तपासून द्या'. कोणाला काय हवंय हे आधी कसं ओळखायचं?*

दोघांनीही तुम्हाला खरं तेच सांगितलं होतं. फक्त 'तपासणं' या शब्दाचा अर्थ आता पूर्वीसारखा ठरलेला राहिलेला नाही. छापखान्यात लेखकाची मूळ प्रत शेजारी ठेवायची, जुळाऱ्याने लावलेला मजकूर तिच्याशी ओळ न् ओळ ताडून पाहायचा आणि फरक पडला असेल तिथे खूण करायची, याला मुद्रित तपासणं म्हणत. लेखकाचं वाक्य बोजड असलं तरी ते मुद्रितशोधकाचं काम नव्हतं. ते वाक्य मूळ प्रतीत तसंच असेल तर मुद्रितातही तसंच राहायचं. आज लेखक स्वतःच टंकतो. ताडून पाहायला दुसरी प्रत नसते; तीच फाइल मूळ प्रत आणि तीच मुद्रित. त्यामुळे 'प्रूफ बघून द्या' म्हणणारा माणूस वेलांट्यांपासून ते 'हे जरा चांगलं वाटेल असं करा' इथपर्यंत काहीही म्हणत असू शकतो, आणि पुष्कळदा आपल्याला काय हवंय हे त्यालाही समोर पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून 'तुम्हाला शुद्धलेखन हवंय की संस्करण?' असा प्रश्न मी विचारत नाही. 'संस्करण' म्हणजे वाक्यांवरूनही हात फिरवणं, हे समोरच्याला माहीत असण्याचं कारण नाही, आणि माहीत असलं तरी त्याच्या मनातला अर्थ माझा असेलच असं नाही. मी एकच प्रश्न विचारतो: 'एखाद्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण ते मला अडखळणारं वाटलं, तर मी ते बदलू, बाजूला लिहून कळवू, की तसंच ठेवू?' याचं उत्तर प्रत्येकाला देता येतं. 'कळवा' म्हणणारे सगळ्यांत जास्त. 'तसंच ठेवा' म्हणणारे फार थोडे, पण ते ठाम असतात. 'बदलून टाका' म्हणणाऱ्यांवर मात्र मी लगेच विश्वास ठेवत नाही, कारण आपलं बदललेलं वाक्य त्यांनी अजून पाहिलेलं नसतं. तिथे नमुन्याचं पान लागतं.

नमुन्याचं पान म्हणजे मजकुरातलं साधारण 250-300 शब्दांचं एक पान, शक्यतो मधलं. पहिलं पान लेखकाने दहा वेळा घासलेलं असतं, त्यावरून पुढच्या दोनशे पानांचा अंदाज येत नाही. ते पान मी दोन प्रकारे करतो आणि दोन्ही पाठवतो. एकात फक्त चुका दुरुस्त, दुसऱ्यात वाक्यंही थोडी सैल-घट्ट केलेली. लेखक बोट ठेवून सांगतो: हे. यात थोडा वेळ जातो. तुमच्या दोन्ही कामांत तेवढा वेळ आधी गेला असता, तर नंतरचे आठवडे वाचले असते.

हे कसं चालतं ते एका उताऱ्यावर दाखवतो. उतारा मी इथे रचला आहे, पण अशा आठवणी माझ्याकडे नेहमी येतात:

> माझे वडिल नागपुरला रेल्वेत गार्ड होते. त्यांची बदली भूसावळला झाल्यामूळे आम्ही सर्व भावंड तिथल्या शाळेत जाऊ लागलो होतो. घरात शिस्त होती पण ती शिस्त आईची होती वडिलांची नव्हती. वडिल आठवड्यातून दोनदाच घरी यायचे आणि आले की मग दुसर्या दिवशी दुपार पर्यंत झोपायचे. आई आम्हाला म्हणायची, गप बसा रे, बाप निजलाय.

पहिल्या प्रतीत मी काय करीन? 'वडील', कारण मराठी अकारान्त शब्दाच्या उपान्त्य अक्षरातला इकार-उकार दीर्घ. 'नागपूरला', 'भुसावळला', 'झाल्यामुळे', 'दुसऱ्या', आणि 'दुपारपर्यंत' जोडून, कारण 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय आहे. 'पण'च्या आधी स्वल्पविराम, 'आईची होती'नंतर स्वल्पविराम, आईच्या बोलण्याला अवतरणचिन्हं. इथे कोणाचं मत विचारावं लागत नाही, नियम पुरतो. सावध मात्र राहावं लागतं. 'वडिल' शोधून सगळीकडे 'वडील' करून टाकलं, तर तिसऱ्या वाक्यातल्या बरोबर असलेल्या 'वडिलांची'चं 'वडीलांची' होईल. सामान्यरूप झालं की ती वेलांटी ऱ्हस्वच हवी. तसंच 'नागपूरला' दीर्घ, पण 'नागपुरात' ऱ्हस्व. एका फटक्यात बदलण्याची सोय मराठीत अशा ठिकाणी नव्या चुका घालते, म्हणून मी एकेक जागा पाहून पुढे जातो.

आता 'भावंड'. अनेकवचन आहे, तेव्हा हे चूकच. पण दुरुस्त काय करायचं, 'भावंडे' की 'भावंडं'? दोन्ही बरोबर आहेत. औपचारिक लेखनात 'भावंडे, केले, असे', ललित आणि बोलण्याच्या वळणाच्या लेखनात 'भावंडं, केलं, असं'. या उताऱ्यात दुसरा एकही शब्द असा नाही, ज्यावरून लेखकाचं वळण कळेल. म्हणजे एका टिंबासाठी मला आख्खं हस्तलिखित चाळून तो बहुतेक ठिकाणी काय लिहितो ते पाहावं लागतं. एकाच प्रकरणात 'मी केले' आणि 'मी म्हटलं' असं मिसळलेलं असेल, तर विसंगती काढणं माझं काम. कोणत्या बाजूला न्यायचं हे लेखकाचं. 'केले'चं 'केलं' केल्याने पुस्तक बोलायला लागतं, उलट केल्याने ते उठून सरळ बसतं. नुसतं शुद्धलेखन हवं असलेल्या माणसालाही हा एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि मी तो काम सुरू करण्याआधी विचारतो. शंभर पानं झाल्यावर विचारलात तर शंभर पानं पुन्हा करावी लागतात.

दुसऱ्या प्रतीत मी एवढंच आणखी करीन: 'जाऊ लागलो होतो'चं 'जाऊ लागलो', कारण इथे पूर्णभूतकाळाला कारण नाही. 'घरात शिस्त होती, पण ती आईची, वडिलांची नव्हती.' आणि 'आले की मग' मधला 'मग' काढीन. शब्द लेखकाचेच, क्रमही त्याचाच.

तिसरं टोक म्हणजे पुनर्लेखन. ते असं दिसेल:

> वडील रेल्वेत गार्ड. नागपूरहून त्यांची भुसावळला बदली झाली आणि आम्हा भावंडांची शाळाही बदलली. घरातली शिस्त आईची. वडील आठवड्यातून दोनदाच घरी येत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपून राहत. 'गप बसा रे, बाप निजलाय,' आई दटावायची.

वाचायला हे चपळ आहे, आणि म्हणूनच त्यात काय झालं ते शांतपणे पाहा. 'शाळाही बदलली' हे मी घातलं. मुलं नागपूरला शाळेत जात होती असं मूळ लेखक कुठेही म्हणत नाही; कदाचित भुसावळचीच त्यांची पहिली शाळा असेल. 'दटावायची' हेही माझंच. ती आई कुजबुजून म्हणत असेल. 'वडिलांची नव्हती' हा मुद्दाम केलेला नकार मी गाळला, आणि कदाचित पुढचं सगळं प्रकरण त्या नकारावरच उभं असेल. शैली बदलताना माणूस नकळत माहिती बदलतो. म्हणून पुनर्लेखनाचं काम मी लेखकाशी बोलल्याशिवाय घेत नाही, आणि घेतलं तर प्रत्येक पानाबरोबर प्रश्नांची यादी जाते: नागपूरला शाळेत होतात का, आई रागावून म्हणायची की हळू आवाजात.

तीनही प्रतींत एक वाक्य जसंच्या तसं राहिलं आहे: 'गप बसा रे, बाप निजलाय.' 'गप्प' करावंसं वाटेल, 'बाबा झोपलेत' करावंसं वाटेल. पण हे आईचं बोलणं आहे. लेखक स्वतः 'वडील यायचे' असं आदरार्थी लिहितो आणि आईच्या तोंडी 'बाप निजलाय' देतो, म्हणजे त्याला फरक ऐकू येतो आहे. पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियमही मोकळीक देतात. बोलीत मी फक्त सुसंगती पाहतो. एकच आजी एका पानावर 'व्हतं' आणि दुसऱ्या पानावर 'होतं' म्हणत असेल तर बाजूला प्रश्न लिहितो, स्वतः बदलत नाही. ती पाहुण्यांसमोर मुद्दाम 'होतं' म्हणत असू शकते.

हे मी चूक करून शिकलो. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. दक्षिण कोकणातल्या एका बाईंच्या आठवणी माझ्याकडे आल्या होत्या, आणि सांगितलेलं काम फक्त शुद्धलेखनाचं होतं. त्यांनी सगळीकडे 'आमचं भाट', 'भाटात गेलो' असं लिहिलं होतं. मला वाटलं, टंकताना 'त'चा 'ट' झाला. मी सगळीकडे 'भात' केलं. वाक्यं अर्थ देत होती, म्हणून शंकाही आली नाही. भाट म्हणजे माडांची बाग, हे त्या बाईंनी मला फोनवर सांगितलं, तेव्हा पानं छपाईला जायला दोन दिवस उरले होते. एकही वाक्य न बदलता मी त्यांची बाग काढून तिथे शेत घातलं होतं. तेव्हापासून अनोळखी शब्द तीनपेक्षा जास्त वेळा तसाच आला, तर तो चूक नसून शब्द आहे असं मी धरतो आणि विचारतो.

तुमच्या शिक्षकांबद्दल आणखी एक विचार मनात येतो. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे असेल तर ते 'कांहीं', 'नांव', 'घरांत' असे अनुस्वार देत असण्याची बरीच शक्यता आहे. आज हे चूक आहे. पण मराठी साहित्य महामंडळाचे पहिले 14 नियम शासनाने 1962 साली स्वीकारले, आणखी 4 नियम 1972 साली आले. त्याआधी शाळेत शिकलेल्या माणसाने ते अनुस्वार मार खाऊन पाठ केलेले असतात, आणि मास्तर म्हणून कदाचित मुलांना शिकवलेलेही असतात. ते काढणं त्यांच्या दृष्टीने शुद्धलेखनाची दुरुस्ती नसते, उलट ते बरोबर लिहिलेलं खोडणं असतं. काढावे लागतील, कारण आजचा वाचक त्यांवर अडखळतो. पण आधी सांगून. मी असं विचारतो: 'तुमचे अनुस्वार जुन्या नियमांप्रमाणे बरोबर आहेत. पुस्तक आजच्या नियमांनी छापायचं तर ते काढावे लागतील, काढू ना?' आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही, पण न विचारता काढल्यावर नाराज झालेले पाहिले आहेत. आणि आठवणींत वडिलांचं 1940च्या सुमाराचं पत्र उद्धृत केलेलं असेल, तर त्यातल्या एकाही टिंबाला मी हात लावत नाही. लेखकाचा मजकूर आणि कागदपत्र यांना एकच माप लावू नये असं माझं मत आहे.

विचारण्याआधीच काही गोष्टी कामाकडे पाहून कळतात. मजकूर पानांवर लावून झाला असेल, म्हणजे तुमच्याकडे पीडीएफ आली असेल, तर वाक्यं बदलण्याची वेळ गेलेली आहे. एक ओळ वाढली की पुढचं पान सरकतं आणि अनुक्रमणिकेचे आकडे चुकतात. लेखक हयात नसेल आणि मुलगा पुस्तक काढत असेल, तर मुलगा कितीही म्हणाला तरी शैलीला हात नाही. लग्नपत्रिका, स्मरणिकेतली देणगीदारांची यादी, प्रबंध यांत शुद्धलेखन आणि नावं, बस. प्रबंधात तर वाक्य बदलताना युक्तिवाद बदलला तर उत्तर विद्यार्थ्याला द्यावं लागतं. याउलट संस्थेचं माहितीपत्रक किंवा अर्ज असेल, तर लिहिणाऱ्याला स्वतःचा आवाज जपायचा नसतो, काम व्हायला हवं असतं. तिथे मी मोकळेपणाने वाक्यं तोडतो. तुमच्या दुसऱ्या कामातल्या बाईंचा मजकूर या जातीचा होता का, ते आठवून पाहा.

बोलण्यातूनही अंदाज येतो. 'शुद्धलेखन तपासा' म्हणणाऱ्याला बहुधा तेवढंच हवं असतं. 'भाषा जरा नीट करा' म्हणजे दुसरी प्रत. 'मला लिहिता येत नाही, तुम्हीच बघा' म्हणणाऱ्याला पुनर्लेखन हवं असू शकतं, पण पहिल्यांदा त्यालाही मी दुसरीच प्रत पाठवतो. पूर्ण बदललेलं पान एकदम समोर आलं की माणसाला आपलं लिहिणं कुचकामी होतं असं वाटतं. दुसरी प्रत वाचून 'अजून करता येईल का?' असं त्याने स्वतः विचारलं, की मग तिसरी. 'एकदा नजर फिरवा' म्हणणाऱ्यांतले बरेच जण मात्र वाचक शोधत असतात. त्यांना वाचून झाल्यावर चार शब्द बोलायचे, आणि ढोबळ चुका तेवढ्या दाखवायच्या.

वेळेचंही आधीच बोलून घ्या, कारण ही तीन वेगवेगळी कामं आहेत. माझा वेग सांगतो: नुसतं शुद्धलेखन असेल तर तासाला आठ-दहा पानं, वाक्यं सारखी करायची तर तीन-चार, पुनर्लेखन असेल तर एक, फार तर दोन. नमुन्याचं पान पाठवताना मी प्रत्येक प्रतीखाली किती दिवस लागतील आणि किती पैसे होतील ते लिहितो. तेवढ्यानेही पुष्कळांची निवड ठरते.

प्रत्यक्ष काम करताना दोन गोष्टी कधी एकात मिसळू देऊ नका. नियमाने ठरणारी चूक मजकुरात दुरुस्त करायची, आणि ज्याची दोन उत्तरं असू शकतात ते बाजूला लिहायचं. वर्डमध्ये `Ctrl+Shift+E` दाबून `Track Changes` चालू करा, चुका तिथे दुरुस्त करा. सूचना `Comment` मध्ये. मराठीत नुसती मात्रा किंवा वेलांटी खोडून बदललीत तर पुष्कळदा अक्षर फुटतं आणि तुटक गोळा दिसतो, म्हणून शब्द पूर्ण खोडून पूर्ण टंका. ज्येष्ठ लेखकांना मी कागदच देतो: चुका लाल पेनाने, सूचना शिसपेन्सिलीने. पेन्सिल खोडता येते, आणि ते खोडरबर त्यांच्या हातात आहे हे त्यांना दिसतं. सूचनाही पानाला एक-दोनच. अर्थ उलटा होतोय, माणूस कोण ते कळत नाही, बदलीचं साल दोन ठिकाणी वेगळं आहे, अशा आधी. नुसती चवीची बाब शेवटी, आणि जागा उरली तर. पानाला दहा सूचना गेल्या की लेखक पाचवीनंतर वाचणं सोडतो आणि त्या सालाची चूक छापली जाते.

शिक्षकांचं काम अजून सावरता येईल. त्यांची मूळ फाइल तुमच्याकडे असेलच. वर्डमध्ये `Review` मधून `Compare` घेऊन मूळ आणि तुमची प्रत समोरासमोर लावा. प्रत्येक फरक खुणेसह दिसेल. शुद्धलेखनाचे बदल ठेवा, वाक्यांचे सगळे `Reject` करा, अगदी तुम्हाला खात्री असलेलेही. त्यातले पाच-सहाच, जिथे वाचकाचा खरोखर गैरसमज होईल असे, बाजूला प्रश्न म्हणून लिहा. मग ती प्रत छापून घ्या आणि शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या. पहिल्या पानावर बसून 'भावंडे की भावंडं' हे त्यांनाच विचारा. मास्तर आहेत, उत्तर लांबेल. ते बोलताना स्वतः 'केलं' म्हणतात की 'केले', तेही ऐकून घ्या, आणि वहीत टिपून घरी येऊन उरलेली पानं त्याप्रमाणे करा.